एकच बजेट, दोन विभाग आणि निर्णय माझ्यावर (प्रॉडक्शन आणि मेंटेनन्स)

माध्यान्ह

नमस्कार. जरा सविस्तर लिहितेय, कारण अर्धवट माहितीवर सल्ला मागण्यात अर्थ नाही.

मी आमच्या कंपनीत खरेदी आणि साठा बघते. आमच्या एका कारखान्यात प्रॉडक्शन आणि मेंटेनन्स या दोन विभागांना मिळून वर्षाचं एकच भांडवली बजेट असतं. आजवर दोघं आपापसात वाटून घ्यायचे. यंदा ते जमलं नाही, दोन बैठका भांडणात संपल्या. संचालकांनी मला सांगितलं, "तुझा दोघांशी काही संबंध नाही, तू बघ आणि ठरव." दोन्ही विभागप्रमुख हुद्द्याने माझ्याहून खालचे आहेत, पण अनुभवाने नाहीत. त्यातल्या एकांची नोकरी माझ्या दुप्पट झालीय.

खरे आकडे इथे देत नाही, प्रमाण मात्र खरं आहे. एकूण रक्कम 100 धरा. प्रॉडक्शनला हवेत 70. त्यात 48 चं नवीन पॅकिंग मशिन, 10 चा कन्व्हेयर आणि 12 चे, पॅकिंगचा साइझ बदलायचे पार्ट्स. मेंटेनन्सला हवेत 65. त्यात 35 चा नवा कॉम्प्रेसर, 18 चं इलेक्ट्रिकल पॅनेल आणि 12 चे महत्त्वाचे स्पेअर. म्हणजे मागणी 135 आणि हातात 100.

प्रॉडक्शनचं म्हणणं, पॅकिंग मागे पडतं म्हणून माल वेळेवर जात नाही आणि पुढच्या वर्षी ऑर्डर 30 टक्क्यांनी वाढणार आहेत. मेंटेनन्सचं म्हणणं, आहे तीच यंत्रं धाप टाकत चाललीत, त्यात नवीन मशिन लावलं तर कॉम्प्रेसरची हवा पुरणार नाही. प्रॉडक्शनवाले म्हणतात की हवेचा मुद्दा निव्वळ कॉम्प्रेसर पदरात पाडून घेण्यासाठी आहे.

आणखी एक गोष्ट. गेल्या वर्षी मशिनं बिघाडामुळे किती तास बंद होती, हे मी दोघांना विचारलं. प्रॉडक्शनने सांगितले 310 तास, मेंटेनन्सने 140. कारखाना एक, वर्ष तेच. दोघंही लॉगबुक घेऊन आले होते.

माझ्याकडे पाच आठवडे आहेत. आकडा कसा ठरवायचा यापेक्षा निर्णयाची रचना कशी करायची, हे मला समजून घ्यायचंय.

रानवारा

मी अशा वेळी एक साधी युक्ती वापरली आहे. दोघांनाही सांगायचं, आपापला एकच अंतिम आकडा बंद पाकिटात द्या. मी दोन्हीपैकी एक जसाच्या तसा निवडणार, मधला काढणार नाही. अवाजवी मागेल तो हरेल, या भीतीने दोघंही आपोआप जमिनीवर येतात. मधला आकडा काढणारा वरिष्ठ असला की पुढच्या वर्षी मागण्या दीडपट होऊन येतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

दीपमाळ

माझ्या मते प्रश्न पैशाचा नाही, मनाचा आहे. दोन माणसांचं जुनं काहीतरी असणार. दोघांना एक दिवस कामाच्या जागेपासून दूर कुठेतरी न्या, मोकळं बोलू द्या. आमच्या कार्यालयात दोन प्रमुख वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हते. बदलीच्या वेळचा एक गैरसमज होता, तो दूर झाला आणि सगळं सुरळीत झालं.

माध्यान्ह

@दीपमाळ, आपुलकीने लिहिलंत, पण इथे तसं नाही. दोघं एकमेकांच्या घरी जाणारे आहेत. भांडण खरोखर 35 चं आहे. ते आज ना उद्या कुणीतरी सोडायलाच हवेत.

खतावणी

मी बरीच वर्षं वित्त विभागात काढली आणि असे तंटे दोन्ही बाजूंनी पाहिले. लांब लिहितोय, सांभाळून घ्या.

आधी रानवारा यांच्या युक्तीबद्दल. ही पद्धत जुनी आहे. अमेरिकेत बेसबॉल खेळाडूंच्या पगाराचे वाद 1974 पासून अशाच लवादाने सुटतात. मधला आकडा काढणाऱ्या पंचापुढे दोन्ही पक्ष टोकाला जातात, हे त्यांचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. पण पगार हा एकच आकडा असतो. तुमच्याकडे सहा वेगवेगळ्या वस्तू आहेत आणि त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत. प्रॉडक्शनचं पाकीट निवडलंत तर 70 गेले, मेंटेनन्सला उरले 30, आणि पॅनेलचं काय करायचं हा प्रश्न पुन्हा तुमच्याच टेबलावर. शिवाय हरलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी त्याच कारखान्यात त्याच माणसाबरोबर काम करायचंय.

म्हणून मी आकड्यांना शेवटी हात लावतो. सुरुवात एका पानाने करायची. कोण ठरवणार, कोणत्या तारखेला, कशाच्या आधारे, आणि त्या तारखेपर्यंत दोघांनी आपसात मिटवलं तर ते मान्य करणार की नाही. शेवटचा मुद्दा बहुतेक जण विसरतात. "तुम्ही दोघं मिळून सही करून आणलंत तर पॅनेलची सुरक्षितता सोडून मी कशातही ढवळाढवळ करणार नाही" असं लिहून टाका. आणि नाही जमलं तर काय होईल, तेही लिहा. उदाहरणार्थ, तारीख उलटली तर सुरक्षिततेची कामं सोडून सगळी रक्कम गोठवली जाईल. काहीच न ठरणं दोघांपैकी एकाच्या पथ्यावर पडत असेल तर तो माणूस तुमचे पाच आठवडे सहज घालवेल. तुमच्याकडे तो कोण आहे, हे शोधा.

मग 310 आणि 140. हा वाद आधी मिटवा आणि कुणाचा आकडा खरा हे विचारू नका. बहुधा दोन्ही खरे असतील. प्रॉडक्शनवाले लाइन थांबल्यापासून चांगला माल बाहेर पडेपर्यंत मोजतात, मेंटेनन्सवाले फोन आल्यापासून मशिन ताब्यात देईपर्यंत. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या 20 बंद घ्या. प्रत्येकासाठी पाच वेळा लिहायच्या: मशिन थांबलं, मेंटेनन्सला कळवलं, माणूस पोचला, दुरुस्ती संपली, पहिला चांगला खोका बाहेर आला. दोन्ही विभागांचा एकेक माणूस शेजारी बसून तक्ता भरेल आणि दोघं प्रत्येक ओळीवर सही करतील. तुम्ही त्या खोलीत थांबू नका. वरिष्ठ समोर असला की माणसं तक्ता भरायचं सोडून बाजू मांडायला लागतात.

यानंतर मागण्यांचे तुकडे. 70 पाहिजेत, 65 पाहिजेत, असं ऐकून घ्यायचंच नाही. "तुम्हाला फक्त 20 मिळाले तर पहिलं काय कराल? आणखी 10 मिळाले तर? त्यापुढे?" आणि प्रत्येक तुकडा स्वतःच्या पायावर उभा राहणारा हवा. अर्धं मशिन हा तुकडा होत नाही. पीटर पायर यांनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये हेच केलं आणि 1970 मध्ये त्यावर लेख लिहिला, पुढे ते शून्याधारित बजेट म्हणून गाजलं. ती पद्धत सबंध संस्थेला लावली की कागदांचा डोंगर होतो आणि माणसं थकून जुनेच आकडे भरतात. पण दोन विभाग आणि सहा वस्तूंसाठी ती फार चांगली. माणूस स्वतःच्या मागण्यांचा क्रम लावायला बसतो तेव्हा पहिल्यांदाच स्वतःला विचारतो की मला आधी नेमकं काय हवंय.

निकष आणि त्यांचं वजन हे तुकडे बघण्याआधी ठरवा आणि जाहीर करा. नंतर ठरवलेले निकष कितीही प्रामाणिक असले तरी हरलेल्याला ते त्याच्यासाठीच कापून बेतल्यासारखे वाटतात.

पाना_हातोडा

मी मेंटेनन्समधलाच, त्यामुळे माझं झुकतं माप कुठे आहे ते आधीच सांगतो.

पॅनेल या स्पर्धेत असताच कामा नये. जुने ब्रेकर, तापलेली टर्मिनलं, यावर कसलं वजन आणि कसले निकष? थर्मल कॅमेऱ्याने फोटो काढायला सांगा. एका फेजचं जोड बाकी दोन फेजपेक्षा ठळक गरम दिसत असेल तर चर्चा संपली. ते काम आधी बाजूला काढा आणि उरलेल्या रकमेवर भांडू द्या.

आता माझ्याच लोकांना आवडणार नाही असं लिहितो. कॉम्प्रेसर मागण्याआधी गळती मोजली का, हे विचारा. देखभाल नीट नसलेल्या कारखान्यात तयार केलेल्या हवेपैकी 20 ते 30 टक्के गळतीत जाणं अगदी नेहमीचं आहे. मोजायला खर्च नाही. सुट्टीच्या दिवशी सगळी मशिनं बंद, लाइन चार्ज, फक्त कॉम्प्रेसर चालू. घड्याळ घेऊन उभं राहायचं. किती वेळ लोडवर चालतो, किती वेळ अनलोडवर. असं आठ-दहा वेळा घ्यायचं. समजा 3 मिनिटं लोड आणि 7 मिनिटं अनलोड. कुणीही हवा वापरत नसताना तो दहातली 3 मिनिटं हवा भरतोय, म्हणजे 30 टक्के क्षमता भोकांतून जातेय. ही रीत लोड-अनलोडवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरची. ड्राइव्हवर वेग बदलणारा असेल तर फ्लो मीटर लावावा लागेल.

ही मोजणी दोन्ही विभागांसमोर करा. मेंटेनन्सने एकट्याने केली तर प्रॉडक्शन मानणार नाही, आणि गळती जास्त निघाली तर आमचाच माणूस आकडा दाबेल. गळती म्हणजे आमच्या कामातली कसूर, ती कोण स्वतःहून दाखवणार?

माध्यान्ह

@पाना_हातोडा, हे मला सुचलंच नसतं. येत्या सुट्टीच्या दिवशी करून घेते.

@खतावणी, एक शंका. सुरक्षिततेची कामं बाजूला काढायची म्हटल्यावर दुसऱ्याच दिवशी कॉम्प्रेसरसुद्धा "सुरक्षितता" झाला. प्रॉडक्शनचा कन्व्हेयरही झाला, कारण म्हणे हाताने खोके उचलून कामगारांची पाठ धरते. पाठ धरते हे खोटं नाही. मग रेघ कुठे ओढायची?

खतावणी

ज्याची मागणी आहे त्यालाच लेखी विचारा: "हे काम वर्षभर झालं नाही तर आहे त्या स्थितीत चालवण्याची जबाबदारी घेऊन सही कराल का? कराल तर कोणत्या अटींवर?" पॅनेलवर कुणी सही करणार नाही. कॉम्प्रेसरवर करतील, पण "भाड्याचा पर्यायी कॉम्प्रेसर दोन दिवसांत मिळेल असा करार असेल तर" अशी अट घालतील. ती अटच तुम्हाला खरी गरज सांगते, आणि ती 35 ची नसते. पाठीच्या दुखण्यालाही हाच प्रश्न. लिफ्टिंग टेबलने भागत असेल तर कन्व्हेयर स्पर्धेत परत येतो.

अबोली

धागा वाचून राहवलं नाही, म्हणून माझा अनुभव लिहिते. क्षेत्र वेगळं आहे. मी एका शिक्षणसंस्थेत होते. ग्रंथालय आणि प्रयोगशाळा यांना मिळून एक रक्कम असायची. निर्णय घेणारे वरिष्ठ खरोखर निःपक्षपाती होते, मी आजही तेच म्हणेन. पण ते दोघांना वेगवेगळं भेटायचे. आम्हाला ग्रंथालयात कळायचं की प्रयोगशाळेने त्यांना "काहीतरी" सांगितलंय, आणि ते काय ते कधीच कळायचं नाही. निकाल आमच्या विरुद्ध लागला. मला आजही वाटत नाही की तो चुकीचा होता. उपकरणं खरंच कालबाह्य झाली होती. पण कारण म्हणून आम्हाला एक ओळ मिळाली, "सर्व बाबींचा विचार करून". पुढची दोन वर्षं आम्ही प्रत्येक मागणी फुगवून पाठवली. मी स्वतः ते आकडे फुगवले आहेत आणि त्याचं वाईट अजून वाटतं.

आमची बाजू ऐकली गेली एवढं जरी त्या कागदात दिसलं असतं, तरी मी तसं केलं नसतं.

खतावणी

@अबोली, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. वेगळं भेटायला माझी हरकत नाही, माणसं काही गोष्टी एकट्यातच बोलतात. पण भेटीच्या सुरुवातीलाच सांगायचं की इथे ऐकलेली गोष्ट उघड बैठकीत पुन्हा बोलली गेली नाही तर ती निर्णयात धरणार नाही. हे पाळायला कठीण जातं. एकदा ऐकलेलं डोक्यातून जात नाही.

माध्यान्ह, अंतिम बैठकीत एक गोष्ट जरूर करा. प्रॉडक्शनप्रमुखांना मेंटेनन्सची बाजू मांडू दे, आणि मेंटेनन्सचे प्रमुख "हो, माझं म्हणणं हेच आहे" असं म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. मग उलट. वेळ जातो, पण त्यातच कळतं की एकमेकांच्या कागदातलं काय वाचलंच गेलं नव्हतं.

माध्यान्ह

धागा वर काढतेय. पाच आठवडे संपले, निर्णय झाला. काय काय घडलं ते क्रमाने सांगते.

नियमांचं पान पहिल्याच दिवशी दिलं. आपसात मिटवायची मुभा दोघांनीही वापरली नाही, पण "रक्कम गोठेल" या ओळीमुळे प्रत्येक कागद तारखेला आला.

मग 20 बंदचा तक्ता. 310 आणि 140 मधला फरक बऱ्याच अंशी खतावणी म्हणाले तसाच निघाला. पण त्या तक्त्याने एक वेगळीच गोष्ट दाखवली. दुरुस्ती संपल्यापासून पहिला चांगला खोका निघेपर्यंतचा वेळ बऱ्याच ओळींत दुरुस्तीपेक्षा जास्त होता. का, तर दुरुस्तीनंतर मशिन पुन्हा साइझला लावावं लागतं आणि ते काम एकदोन जुन्या ऑपरेटरांच्या हातालाच जमतं. साइझ बदलतानाही नेमकं हेच होतं. म्हणून साइझ बदलायच्या वेळा मोजल्या. दिवसाला सरासरी तीन बदल, प्रत्येकाला 90 मिनिटं. दोन शिफ्टच्या 16 तासांतले साडेचार तास निव्वळ यात जातात. हे कुणाच्याच लॉगबुकात "बंद" म्हणून नव्हतं, कारण त्याला सगळे "नियोजित" म्हणतात.

प्रॉडक्शनने तुकडे लावायला घेतले तेव्हा पहिल्या नावाला नवीन मशिन होतं आणि 12 चे पार्ट्स शेवटी. तक्ता भरल्यावर त्यांनी स्वतः क्रम उलटा केला. पार्ट्स पुरवणाऱ्याने आमच्याच मशिनवर चाचणी घेऊन दाखवली, बदल 35 मिनिटांत झाला. तसा तो रोज झाला तर दिवसाचे पावणेतीन तास वाचतात. चालू वेळ साडेअकरा तासांवरून सव्वाचौदावर जाते, म्हणजे सुमारे 24 टक्के वाढ. ऑर्डर 30 टक्के वाढणार असं विक्री विभाग सांगतो. अंतर उरतं, पण 48 चं मशिन आजच्या आज घ्यावं इतकं आहे का, हा प्रश्न उघडा झाला.

हवेची मोजणी दोन्ही प्रमुखांसमोर झाली. मी स्वतः घड्याळ धरून उभी होते. मशिनं बंद असताना शेड इतकी शांत असते की कपलिंगांमधून येणारी सुसू दारातून ऐकू येत होती. मेंटेनन्सचे प्रमुख काही बोलले नाहीत, पण त्यांनी वहीत लोडचा वेळ स्वतःच्या हाताने लिहिला. सरासरी 28 टक्के. दोन आठवड्यांत पाइपांची तोंडं, कपलिंग, दोन निकामी ड्रेन बदलले, एकूण खर्च 4. पुन्हा मोजलं तेव्हा 11 टक्के. नवीन पॅकिंग मशिनला कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या साधारण 12 टक्के हवा लागणार होती. म्हणजे नवीन मशिन आलं तरी या कॉम्प्रेसरवर भागेल. तो जुना आहे ही गोष्ट खरीच राहते, म्हणून भाड्याच्या पर्यायाचा करार केला.

सहीचा प्रश्न दोघांनाही विचारला. पॅनेलवर प्रॉडक्शनप्रमुखांनीच आधी सांगितलं, "मी सही करणार नाही." त्यामुळे 18 वर वादच झाला नाही.

निर्णय असा. लगेच मोकळे केले 46: पॅनेल 18, स्पेअर 12, गळतीचे 4, साइझचे पार्ट्स 12. आणखी 48 राखून ठेवले, कोणत्याही विभागाच्या नावावर नाही. पार्ट्स बसल्यावर सलग तीन महिने रोजची गरज पावणेतेरा तासांच्या वर गेली, म्हणजे नव्या क्षमतेच्या सुमारे नव्वद टक्क्यांपुढे, तर त्यातून पॅकिंग मशिन. नाही गेली तर त्यातून कॉम्प्रेसर. उरलेले 6 संचालकांच्या सहीने, फक्त अचानक आलेल्या बिघाडासाठी. कन्व्हेयर यंदा नाही, लिफ्टिंग टेबल चालू खर्चातून.

कारणं अडीच पानांत लिहिली. प्रत्येक नाकारलेल्या तुकड्याखाली, मागणी करणाऱ्याचा सगळ्यात भक्कम मुद्दा कोणता होता आणि तरीही का नाही, हे लिहिलं. अबोली, ते तुमच्यामुळे.

प्रॉडक्शनप्रमुख नाराज आहेत. त्यांचं म्हणणं, मशिनच्या कोटेशनची मुदत 90 दिवस आणि ऑर्डर दिल्यापासून मशिन यायला सहा महिने. तीन महिने मोजणीत गेले तर मुदत संपते आणि मशिन पुढच्या हंगामानंतर येतं. यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही.

चौथा_मजला

मी उत्पादन नियोजनात काम करतो. तुमच्या रचनेत एक भोक दिसतंय. मशिन मिळण्याची अट "रोजची गरज पावणेतेरा तासांच्या वर" ही आहे. ती गरज कोण मोजणार? प्रॉडक्शनला मशिन हवंय. साइझ बदलायला 35 ऐवजी 60 मिनिटं लावली, छोट्या छोट्या ऑर्डरी वेगळ्या चालवून दिवसाला तीनऐवजी पाच बदल केले, तर गरज आपोआप वाढलेली दिसेल. कुणी मुद्दाम खोटं करतंय असं मी म्हणत नाही. पण अट ज्याच्या हातात, त्याच्याच फायद्याची असली की हात आपोआप सैल पडतो. उलट मेंटेनन्सला तो आकडा कमी दिसायला हवाय.

पाना_हातोडा

बरोबर बोललात. माझा सल्ला, गरज शेडमध्ये प्रत्यक्ष लागलेल्या तासांवरून मोजू नका. ऑर्डरप्रमाणे लागणारे खोके, भागिले मशिनचा ठरलेला वेग, अधिक ठरलेले तीन बदल गुणिले 35 मिनिटं. बदलांचे पावणेदोन तास यात आले, म्हणून मर्यादाही पावणेतेराऐवजी साडेचौदा धरा. म्हणजे हिशोब ऑर्डरवरून येईल, शेडमध्ये कोण कसं वागलं त्यावरून नाही. बदल पाच झाले तर का झाले, ते नियोजनाने लिहून द्यायचं.

खतावणी

हिशोब ऑर्डरवरून घ्या, याच्याशी सहमत. तीन बदल कायमचे गृहीत धरायला मात्र मी तयार नाही. लहान ऑर्डरी खरंच वाढल्या तर ती बाजाराची गोष्ट आहे, प्रॉडक्शनची चलाखी नव्हे, आणि मग त्यांना मशिनपासून वंचित ठेवणं अन्याय होईल.

कोटेशनबद्दल: पुरवठादाराला थोडी अनामत देऊन भाव आणि उत्पादनातली जागा धरून ठेवता येते का, ते विचारा. पुष्कळ जण तयार होतात. ती अनामत बुडू शकते, म्हणून ती 6 मधून नको, राखलेल्या 48 मधूनच जावी आणि कागदावर यावी. आणि वर्षअखेरीला न वापरलेली रक्कम परत जाते का? जात असेल तर राखलेली रक्कम पुढे नेण्याची संचालकांची लेखी परवानगी आजच घ्या. तोंडी आश्वासनावर राखून ठेवलेले पैसे शेवटच्या महिन्यात तिसराच विभाग घेऊन जातो. हे मी एकदा स्वतः भोगलंय.

रानवारा

सगळं वाचलं. माझी पाकिटाची पद्धत इथे चालली नसती, मान्य. पण एक खटकतं. 48 राखून ठेवणं म्हणजे निर्णय तीन महिने पुढे ढकलणंच नाही का? दोन्ही विभाग तीन महिने एकमेकांच्या आकड्यांवर डोळा ठेवून राहणार.

माध्यान्ह

@रानवारा, हो, ती भीती मलाही आहे. पण निर्णय पुढे ढकलला असता तर तीन महिन्यांनी पुन्हा माझ्यासमोर बैठक झाली असती. तशी ती होणार नाही. अट कागदावर आहे, आकडा काय येईल त्याप्रमाणे खरेदीची फाइल आपोआप एका बाजूला जाईल. माझी सही पुन्हा लागणार नाही, असं मी मुद्दाम लिहून ठेवलंय.

@चौथा_मजला, @पाना_हातोडा, अटीतली मोजणी काल बदलली. गरज ऑर्डरवरून काढायची, हिशोब नियोजन विभाग करणार, दर आठवड्याला दोन्ही प्रमुखांची सही. बदलांच्या संख्येवर दोघांचं एकमत झालेलं नाही. प्रॉडक्शन म्हणतं जेवढे होतील तेवढे धरा, मेंटेनन्स म्हणतं तीनच. तूर्तास खरी संख्या धरतेय, पण तीनच्या वरचा प्रत्येक बदल कोणत्या ऑर्डरमुळे झाला याची नोंद ठेवायला सांगितलीय.

रक्कम पुढे न्यायची परवानगी मागितली आहे, अजून आलेली नाही. पुरवठादार अनामत घ्यायला तयार आहे, पण त्याला मशिनच्या किमतीच्या दहा टक्के हवेत, म्हणजे जवळजवळ 5. मशिन नाहीच घेतलं तर ते 5 गेले आणि कॉम्प्रेसरसाठी 43 उरतात. कॉम्प्रेसरला 35 पुरतात, त्यामुळे गणित जमतं. मेंटेनन्सप्रमुखांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग ते 5 कुणाच्या नावावर बुडणार?" सोमवारी दोघांना एकत्र बसवून त्यावर बोलायचंय.